गाडी माझ्या नावावर, चालवली भाच्याने. जबाबदार कोण?

कृष्णाकाठ

मंडळी, थेट प्रश्नावर येतो.

2019 च्या डिसेंबरात कराडला असताना 110 सीसीची स्कूटर घेतली, अर्थात माझ्या नावावर. पुढे नोकरीसाठी ठाण्याला आलो. इथे पार्किंगला जागा नाही, म्हणून स्कूटर ताईकडेच राहिली. वापर सगळा दाजींचा. पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स तेच बघतात. आरसीवर नाव मात्र अजून माझंच. आज करू, उद्या करू करत ट्रान्सफर राहून गेली.

गेल्या महिन्यात भाचा (अकरावीत आहे, सोळा पूर्ण) सकाळी क्लासला स्कूटर घेऊन निघाला. वळणावर एका सायकलवाल्या काकांना धडक बसली. काका 57 वर्षांचे, भाजी विकतात. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, रॉड बसवलाय. भाच्याला खरचटलंय फक्त. दवाखान्याचा खर्च आत्तापर्यंत दाजींनी केलाय.

आता पोलिसांनी दाजींना नोटीस दिली आणि मलाही. मी म्हणतो, मी ठाण्यात, गाडी कराडात, मुलगा माझा नाही, चावी मी दिली नाही. मग मी कशात? दाजी म्हणतात, "तुझं नुसतं नाव आहे, तुला काय होतंय?" ऑफिसमधला एक जण म्हणतो, तीन वर्षं आत जाशील. खरं काय ते कुणीतरी नीट सांगा. झोप उडालीय.

उनाड पाऊस

आधी काकांची तब्येत कशी आहे ते सांगा. बाकीचं नंतर.

टिळकरोड

तुम्ही सेफ आहात. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अल्पवयीन मुलाचा पालक जबाबदार. पालक म्हणजे आईवडील, मामा नव्हे. फक्त एक लक्षात ठेवा, ड्रायव्हर मायनर असेल तर इन्शुरन्स कंपनी एक पैसा देत नाही. म्हणजे सगळं दाजींच्या डोक्यावर.

चिकू

मामाच्या गावाला जाण्याऐवजी मामाच पोलीस स्टेशनला. सॉरी, राहवलं नाही.

बेएरियाकर

इकडे कॅलिफोर्नियात अठराच्या आतल्या मुलाच्या लायसनच्या अर्जावर आईबापाची सही लागते. त्या सहीबरोबर त्याने केलेल्या अपघाताची आर्थिक जबाबदारीही येते. मुलगा ऐकेनासा झाला तर सही मागे घेता येते, मग त्याचं लायसन रद्द. आमच्या घरी ही धमकी आठवड्यातून एकदा तरी निघतेच. पण सोळाव्या वर्षी इथे रीतसर लायसन मिळतं, त्यामुळे तुमचा प्रश्न वेगळा.

रत्नांग्रीकर

सोळा पूर्ण झाले ना? मग विनागिअरच्या गाडीला लायसन मिळतंच की. आमच्या पुतण्याला कॉलेजात असताना मिळालं होतं. नसेल काढलं तर लायसन नसल्याचा दंड भरायचा, विषय संपला.

वकीलवहिनी

@रत्नांग्रीकर, पुतण्याची गोष्ट लुना-सनीच्या काळातली असणार. सोळाव्या वर्षाची सवलत 50 सीसीपर्यंतच्या गाडीला आहे. यांची स्कूटर 110 ची. तिला गिअर नसला म्हणून ती या सवलतीत बसत नाही. भाच्याकडे त्या गाडीचं वैध लायसन किंवा लर्निंग असतं तर मामा आणि दाजी दोघांवरचं हे कलमच लागू झालं नसतं. पण अठरा पूर्ण होईपर्यंत 110 सीसीचं लायसन त्याला मिळूच शकत नाही.

@टिळकरोड, तुमचं अर्धं बरोबर आहे, पण चुकलेला अर्धा भाग नेमका धागाकर्त्याच्या अंगावर येणारा आहे.

मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 199अ हे कलम आलं. त्यात शब्द आहेत पालक "किंवा" वाहनाचा मालक. मालक म्हणजे ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो. गुन्हा मुलाने केला तरी पालक किंवा मालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही, लर्निंगसुद्धा नाही.

यातून बाहेर पडायच्या वाटा दोन. हे माझ्या नकळत झालं हे सिद्ध करायचं, किंवा हे होऊ नये म्हणून मी शक्य ती सगळी काळजी घेतली होती हे सिद्ध करायचं. नेहमीच्या फौजदारी खटल्यात सगळं सरकार पक्षाने सिद्ध करायचं असतं. इथे मुलाने गाडी तुमच्या संमतीनेच वापरली असं कोर्ट गृहीत धरून चालतं, आणि ते खोडायचं काम तुमचं.

कृष्णाकाठ, तुमची बाजू दाजींपेक्षा नक्कीच बरी आहे. तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात राहता, तसे पुरावे आहेत, गाडीचा ताबा दाजींकडे होता. पण मला एक सांगा. भाचा आधीपासून स्कूटर चालवत होता का, आणि ते तुम्हाला माहीत होतं का? फॅमिली ग्रुपवर त्याचा स्कूटरवरचा फोटो आहे का? त्यावर तुमचा अंगठा आहे का? उत्तर इथे देऊ नका, तुमच्या वकिलाला द्या.

कृष्णाकाठ

काका आता घरी आहेत, वॉकरवर. @उनाड पाऊस, विचारल्याबद्दल आभार.

@वकीलवहिनी, ग्रुप बघतो.

चिकू

ग्रुप बघतो म्हणजे अंगठा नाही, बदाम असणार.

सह्याद्री88

मी व्यवहारी सल्ला देतो, राग मानू नका. तुमच्या दाजींकडे लायसन असेलच. "गाडी मी चालवत होतो, मुलगा मागे बसला होता" असा जबाब द्यायचा. इन्शुरन्सही मिळेल, मुलाचं करिअरही वाचेल. गावाकडे सर्रास असंच होतं.

वकीलवहिनी

सर्रास होतं म्हणूनच सर्रास पकडलंही जातं. सकाळची वेळ, वळणावरच्या दुकानाचा कॅमेरा, दाजींच्या मोबाईलचं लोकेशन आणि ज्यांना धडक बसली ते काका स्वतः. त्यांनी काय पाहिलं? दप्तर पाठीला लावलेला पोरगा. त्यांचा जबाब दवाखान्यातच झालेला असणार.

पुण्यातलं कल्याणीनगरचं प्रकरण आठवा. 19 मे 2024 च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. त्यानंतर वडील, आजोबा, आई आणि ससूनचे डॉक्टर अटकेत गेले ते कशासाठी? ड्रायव्हरने गुन्हा अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबल्याचा आरोप, आणि मुलाच्या रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप. अपघात मुलाच्या हातून झाला, पण घरातल्या मोठ्यांवरचे सर्वांत जड आरोप अपघातानंतरच्या कारभाराचे आहेत. निकाल लागेल तेव्हा लागेल. आपण त्या वाटेला कशाला जायचं?

इथे काकांचं हाड मोडलंय, गुन्हा निष्काळजीपणाचा आहे, मुलगा बाल न्याय मंडळापुढे जाईल. तिथे या प्रकारच्या गुन्ह्यात मुलाचं करिअर संपत नाही. खोट्या जबाबाने मात्र दाजींची नोकरी जाऊ शकते.

टिळकरोड

पण पोर्शवाला निबंध लिहूनच सुटला ना? तीनशे शब्दांचा. मग आपल्यासारख्यांनीच कायदा का पाळायचा?

वकीलवहिनी

निबंध ही जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. त्यावरून गदारोळ झाल्यावर त्याला निरीक्षणगृहात पाठवलं आणि जून 2024 मध्ये हायकोर्टाने बाहेर सोडायला सांगितलं. त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने जुलै 2025 मध्ये फेटाळली.

त्यामागे दिल्लीचा एक निकाल आहे. 2016 मध्ये तिथे अठराला काही दिवस कमी असलेल्या मुलाने मर्सिडीजखाली एका तरुणाला चिरडलं. तो खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2020 मध्ये कोर्टाने सांगितलं की ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा कायद्यात लिहिलेली नाही, तो बाल न्याय कायद्यातल्या "निर्घृण" प्रकारात बसत नाही. सदोष मनुष्यवधाला अशी किमान शिक्षा नाही, म्हणून मुलगा मुलांच्याच कायद्यात राहतो. पटो न पटो, कायदा आज असा आहे.

त्याच दिल्लीच्या प्रकरणात 2024 मध्ये क्लेम ट्रायब्युनलने भरपाई ठरवली, व्याजासह दोन कोटींच्या घरात. पैसे विमा कंपनीने भरायचे आणि गाडीच्या मालकाकडून वसूल करायचे. धाग्याचा खरा विषय हा आहे. आपण तुरुंगाची चर्चा करतोय आणि मोठी रक्कम दुसऱ्या दारातून येतेय.

जुना सर्व्हेअर

वहिनींनी विषय रुळावर आणला. मी तीस वर्षं विमा कंपनीच्या मोटार क्लेम विभागात काढली. आता निवृत्त, म्हणून मोकळेपणाने लिहितो.

"मायनर असेल तर कंपनी एक पैसा देत नाही" हे कंपनीने मालकाला सांगायचं वाक्य आहे. मालकाच्या स्वतःच्या स्कूटरचं नुकसान मिळत नाही, हे खरं. मुलाला स्वतःला लागलं तर तेही मिळत नाही. पण ज्याला धडक बसली त्याची गोष्ट वेगळी. तो तिसरा पक्ष. त्याने तुमच्या पॉलिसीच्या अटी मोडलेल्या नाहीत. 2004 च्या स्वर्ण सिंग निकालापासून साधारण असं चालतं की मालकाने अट मोडली हे कंपनीने सिद्ध केलं, तरी ट्रायब्युनल कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. कोर्टाच्या आवारात याला सगळे "पे अँड रिकव्हर" म्हणतात.

वसुलीसाठी कंपनीला नवा दावा लावावा लागत नाही. त्याच निकालावर दरखास्त टाकायची. पगारावर जप्ती, घरावर बोजा. पुष्कळ मालक निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटतात, "कंपनीने भरले" म्हणून. दोन वर्षांनी बेलिफ दारात आला की आम्हाला शिव्या देतात.

हे दरवेळी होईलच असंही नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने बापाची गाडी चालवल्याच्या एका प्रकरणात 2008 साली सुप्रीम कोर्टाने कंपनीला पूर्ण मोकळं केलं होतं. आमचे वकील प्रत्येक केसमध्ये तो निकाल जोडायचे. कधी चालायचा, बहुतेकदा नाही.

आता कामाचा प्रश्न. गाडी डिसेंबर 2019 ची, म्हणजे थर्ड पार्टी पाच वर्षांची एकदम घेतलेली असणार. ती डिसेंबर 2024 ला संपली. पुढे कुणी नूतनीकरण केलं का? नसेल तर वर लिहिलेलं सगळं विसरा. भरणारं कुणी नाही, पहिल्या रुपयापासून मालक.

कृष्णाकाठ

आत्ता दाजींना फोन केला. म्हणतात केलंय, कागद शोधतो. माझे हातपाय गार पडलेत.

मास्तर

ॲपवर गाडीचा नंबर टाकून दिसतं की इन्शुरन्स कधीपर्यंत आहे. कागद शोधत बसू नका.

शालन

मी दुसऱ्या बाजूची आहे, म्हणून लिहिते.

माझ्या वडिलांना चार वर्षांपूर्वी पंधरा वर्षांच्या मुलाच्या बाईकने उडवलं. त्या मुलाचे वडील पहिले दोन दिवस दवाखान्यात आले, तिसऱ्या दिवसापासून फोन बंद. नंतर कोर्टात त्यांनी सांगितलं की चावी खिळ्याला होती, पोराने न विचारता घेतली, आम्हाला काय माहीत. माझी आई समोर बसून ऐकत होती.

ट्रायब्युनलने ते मानलं नाही. पैसे कंपनीने दिले, उशिरा पण दिले. पुढे त्यांच्याकडून वसूल झाले की नाही ते आम्हाला कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्ही विचारलंही नाही. पण इथे सगळे "मी कसा सुटेन" एवढंच बोलतायत. भाजीचा गाडा सहा महिने बंद राहिला तर त्या घरात काय होतं?

कृष्णाकाठ

शालनताई, तुमचं बरोबर आहे. मी सुटायला बघत नाही, पण समजून घ्यायला हवं ना. काकांना साधारण किती मिळतील हे कुणी सांगेल का? म्हणजे आपण कशाला तयार राहायचं ते कळेल.

जुना सर्व्हेअर

कागद न बघता आकडा सांगणं धोक्याचं, पण रीत सांगतो. समजा काकांची कमाई महिना 15,000 धरली गेली. स्वतःचा धंदा आणि वय पन्नास ते साठच्या मधलं, म्हणून भविष्यातल्या वाढीचे दहा टक्के मिळवले तर 16,500. वर्षाचे 1,98,000. वय 57 ला गुणक 9. झाले 17,82,000. ही संपूर्ण कमाई गेली तर. डॉक्टरांच्या दाखल्यावरून त्यांच्या कामावरचा कायमचा परिणाम वीस टक्के धरला, तर त्यातले 3,56,400.

त्यात दवाखाना समजा 1,80,000, चार महिने घरी बसल्याचे 60,000, वेदना, सोबतीचा माणूस, येणंजाणं वगैरे मिळून लाखभर. बेरीज 6,96,400. साडेसात टक्के व्याजाने तीन वर्षं केस चालली तर दीड लाखाहून थोडे जास्त वर. म्हणजे साडेआठ लाखांच्या आसपास.

सगळा खेळ त्या वीस टक्क्यांवर असतो. सर्टिफिकेटवर पायाचं अपंगत्व चाळीस टक्के लिहिलेलं असलं तरी कोर्ट विचारतं की या माणसाच्या धंद्यावर किती परिणाम झाला. बसून काम करणाऱ्याला कमी, सायकलवर भाजी विकणाऱ्याला जास्त. त्यामुळे यांच्या बाबतीत वीसचे तीसही होऊ शकतात.

दाजींनी दवाखान्यात भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती जपा. रोख देऊन मोकळे झाले असतील तर आजच काकांच्या मुलाकडून लिहून घ्या. नाहीतर तोच खर्च परत मागितला जातो.

टिळकरोड

पण ही वसुली दाजींकडून होणार ना? मुलगा त्यांचा, ताबा त्यांचा. मामा तर गाडीवर बसलेला पण नाही गेल्या कित्येक वर्षांत.

वकीलवहिनी

नाही हो. लोकांचा गोंधळ इथेच होतो.

फौजदारी बाजूला पालक किंवा मालक असे दोन पर्याय आहेत, आणि "माझ्या नकळत" हा बचाव आहे. भरपाईच्या दाव्यात सामनेवाले असतात चालक, मालक आणि विमा कंपनी. चालक मुलगा अज्ञान, म्हणून त्याच्या वतीने वडील उभे राहतात. पण तिथे ते मुलाचे पालक म्हणून असतात. केवळ बाप आहे एवढ्यावर बापाच्या खिशाला हात लागतोच असं नाही. मालकाच्या खिशाला लागतो. आणि मालक कोण, तर आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव तो. गाडी विकून टाकली, पैसे घेतले, पण ट्रान्सफर केली नाही, अशा माणसालाही सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये जबाबदार धरलंय. तुम्ही तर विकलेलीही नाही.

"मला माहीत नव्हतं" हा बचाव इथे किती चालतो त्याचंही उदाहरण आहे. शालनताईंनी सांगितलं तसंच. नात्यातला अल्पवयीन मुलगा घरी आला, मालकाला न सांगता मोटारसायकलची चावी उचलली आणि अपघात केला. मालक सुप्रीम कोर्टात गेला. 2011 मध्ये कोर्टाने सांगितलं की गाडीचा गैरवापर होणार नाही, तोही विनालायसन अज्ञान मुलाकडून, हे पाहणं मालकाचं काम होतं. कंपनीने भरलेले पैसे त्याच्याकडून वसूल करायची मुभा कायम राहिली.

म्हणजे कृष्णाकाठ, असं होऊ शकतं की 199अ मधून तुम्ही सुटाल, दाजी अडकतील, आणि साडेआठ लाखांची दरखास्त मात्र तुमच्या पगारावर येईल.

चिकू

आता मला जोक सुचत नाहीये.

कृष्णाकाठ

वहिनी, मग दाजींना त्या दाव्यात ओढता येत नाही का? प्रत्यक्ष ताबा त्यांचाच होता.

वकीलवहिनी

येतं. लेखी म्हणण्यात मांडायचं की गाडी अमुक वर्षापासून यांच्या ताब्यात आहे, इन्शुरन्स हेच भरतात, चावी यांच्याकडे असते. त्यांना स्वतंत्र सामनेवाले करा अशी मागणी करता येते. काही ट्रायब्युनलं ताबा आणि नियंत्रण कुणाचं हे बघतात, काही आरसी बघून पुढे जातात. खात्री कुणीच देणार नाही. त्यापेक्षा तुम्ही दोघांनी घरात बसून ठरवा की वसुली आली तर कोण किती भरणार, आणि कागदावर घ्या. ताईला वाईट वाटेल, वाटू दे.

हे कोर्टात मांडाल तेव्हा एक वकील दोघांचा नको. तुमचा बचाव दाजींच्या विरुद्ध जातो.

मास्तर

थोडं विषयांतर. आमच्या शाळेबाहेर हल्ली नववीतली मुलं बॅटरीच्या स्कूटरवर येतात. पालकांना विचारलं तर म्हणतात, "सर, याला लायसन लागत नाही." हे खरं का?

जुना सर्व्हेअर

मोटर 250 वॅटपर्यंत आणि वेग ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल तर खरं. ती कायद्याने मोटार वाहनच नाही. पण सर, तुम्ही रस्त्यावर उभं राहून बघा, पंचविसाने किती जातात. दुकानातच वेगाचं लॉक काढून देतात. ते काढलं की ती मोटार वाहन झाली, तीही विना नोंदणी, विना इन्शुरन्स. उद्या तिने कुणाला उडवलं तर "पे" करायला कंपनीच नाही, सगळं घरातूनच जाणार. कृष्णाकाठ यांच्यापेक्षा वाईट अवस्था.

रत्नांग्रीकर

हे माहीत नव्हतं. शेजाऱ्यांना सांगतो. ऐकणार नाहीत, पण सांगतो.

सह्याद्री88

बरं, खोटा जबाब नको. पण काकांशी बसून लाखभर देऊन शंभरच्या, नाही पाचशेच्या स्टॅम्पवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून घ्यायला काय हरकत? नोटरी करायची, विषय मिटला.

शालन

आम्हालाही असाच कागद पुढे केला होता. बाबा तेव्हा शुद्धीवरही नीट नव्हते.

वकीलवहिनी

@सह्याद्री88, अशा कागदाने पोलिसांची केस आपोआप मिटत नाही आणि ट्रायब्युनलचं दारही बंद होत नाही. लाख रुपये दिल्याचा पुरावा एवढाच त्याचा उपयोग. 199अ चलान भरून मिटणाऱ्या कलमांच्या यादीत नाही, ते कोर्टातच जातं. भरपाईची तडजोड जरूर करा, पण दावा दाखल झाल्यावर, कंपनीला बरोबर घेऊन, लोकअदालतीत. तिथे झालेला निवाडा पक्का असतो आणि कंपनी किती वसूल करणार हेही त्याच टेबलवर बोलता येतं.

आणखी एक. 2022 पासून पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल 48 तासांत ट्रायब्युनलला द्यायचा असतो आणि सविस्तर अहवाल 90 दिवसांत. त्यासाठी मालकाने भरायचा एक फॉर्म तपास अधिकारी देतो. गाडी कुणाची, त्या वेळी कुणाकडे होती, विमा कोणता, चालकाचं लायसन होतं का, असले प्रश्न त्यात असतात. तिथे जे लिहाल ते पुढची तीन वर्षं तुमच्या गळ्यात राहील. दाजींनी "तुझी सही मीच मारतो" म्हटलं तरी देऊ नका.

कृष्णाकाठ

असा एक फॉर्म आलाय. दाजींनी अगदी हेच म्हटलं होतं.

अपडेट: ॲपवर पाहिलं. इन्शुरन्स आहे, अपघाताच्या दिवशी चालू होता. फक्त थर्ड पार्टी, 714 रुपये अधिक जीएसटीवाला. दाजींनी मोबाईलवरून भरला होता, त्यामुळे कागद सापडत नव्हता. पेमेंट त्यांच्या खात्यातून झालंय.

जुना सर्व्हेअर

जीव भांड्यात पडला. पेमेंटचा तो स्क्रीनशॉट जपा. ताबा कुणाकडे होता हे सांगायला याहून चांगला कागद मिळणार नाही. मुलगा एकटाच होता ना स्कूटरवर? मागे मित्र असता आणि त्याला लागलं असतं तर निव्वळ थर्ड पार्टी पॉलिसीत त्याचं कंपनी बघत नाही.

कृष्णाकाठ

एकटाच होता. रविवारी कराडला जातोय. वकील वेगळा बघितलाय. आधी काकांच्या घरी जाणार, दाजींना घेऊन. काय बोलायचं सुचत नाहीये, पण जाणार.

उनाड पाऊस

बोलायचं नंतर बघा. गाडा कोण लावतंय ते विचारा आणि त्याची सोय लावा.

टिळकरोड

मी मघाशी मामा सेफ म्हणालो ते मागे घेतो. पण तरी मला हा कायदा अन्यायाचा वाटतो. गाडी लोखंडी कपाटात ठेवायची का माणसाने?

शालन

ट्रान्सफर करायला काय लागतं हो? ताबा द्यायचा तर नावही द्यायचं.

रत्नांग्रीकर

वहिनी, आता नोंदणी बारा महिने रद्द होणार, तर त्या काळात ट्रान्सफर करता येईल का?

वकीलवहिनी

रद्द असताना ट्रान्सफर कशाची करणार? रद्द होण्याआधी घाईने करायला गेलात तर त्याचा अर्थ वेगळा लावला जाईल, आणि अपघाताच्या दिवशीचा मालक त्याने बदलत नाही. आत्ता हात लावू नका.

पाहुणी07

नवीन सदस्य आहे. माझ्या मुलीला अठरा पूर्ण व्हायला दोनच महिने राहिलेत. हात बसावा म्हणून सोसायटीच्या आत-आत चालवू दिली तर चालेल का?

जुना सर्व्हेअर

सोसायटीचं गेट कायम बंद असतं का? दूधवाला, कुरिअरवाला, कामवाल्या मावशी आत येतात का? येत असतील तर ती सार्वजनिक जागा आहे की नाही यावर दोन वकील दोन तास भांडतील. गाडी कुणाच्या नावावर आहे?

पाहुणी07

सासूबाईंच्या.

चिकू

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवा.